फ्लोराइड १.४४: पाण्याच्या चाचणी अहवालात नेमकं काय लिहायचं

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीने बोअरवेलच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत आणून दिला आहे, असं धरून चालू. फक्त फ्लोराइड तपासायचं आहे. उत्तर आलं १.४४ मिलिग्रॅम प्रति लिटर. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, म्हणजे आयएस १०५०० : २०१२, फ्लोराइडसाठी दोन आकडे देतं. १.० ही स्वीकार्य मर्यादा आणि १.५ ही पर्यायी स्रोत उपलब्ध नसेल तेव्हाची अनुज्ञेय मर्यादा. आपला आकडा नेमका या दोघांच्या मध्ये, आणि त्यातही दीडला खेटून बसला आहे.

असा नमुना मुद्दाम निवडला, कारण ०.३ किंवा ४ मिलिग्रॅम आलं असतं तर अहवाल ढिला लिहूनही निभावून गेलं असतं. मर्यादेजवळच्या आकड्याला मात्र अहवालातला प्रत्येक शब्द कामाला लागतो. बरेच अहवाल इंग्रजीत जातात. इथे वाक्यं मराठीत दिली आहेत, पण भाषा कोणतीही असली तरी मजकूर हाच.

अहवालाची सुरुवात खरं तर नमुना घेण्याच्या खिडकीवर होते. ग्रामसेवक विचारतात, "साहेब, पाणी पास की नापास, एवढं लिहून द्याल ना?" या प्रश्नाला तिथेच थांबून उत्तर द्यावं लागतं. पास-नापास हवं असेल तर कोणत्या मानकाशी ताडायचं आणि मोजमापातली अनिश्चितता कशी हिशेबात धरायची, हे दोन्ही आधी ठरवून मागणीपत्रावर लिहून घ्यायचं. आयएसओ/आयईसी १७०२५ : २०१७ या मानकात याला निर्णय-नियम म्हणतात, आणि तो ग्राहकाशी आधीच ठरलेला असावा अशी त्याची अपेक्षा आहे. आकडा हातात आल्यावर नियम निवडला, तर तो नियम कोणाच्या सोयीने निवडला हा प्रश्न उरतोच.

आता पहिला भाग, व्याप्ती. या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि त्यांची गल्लत फार होते. एक आहे या कामाची व्याप्ती, म्हणजे कशावर काय तपासलं. दुसरी प्रयोगशाळेच्या मान्यतेची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या संस्थेने तुम्हाला कोणत्या पदार्थासाठी, कोणत्या पद्धतीने, कोणत्या पल्ल्यापर्यंत मान्यता दिली आहे. पाण्यातलं फ्लोराइड इलेक्ट्रोडने मोजायला मान्यता असली तरी तीच रंगमापन पद्धतीलाही लागू होते असं नाही. मान्यतेबाहेरची चाचणी करायला हरकत नाही, पण अहवालात त्या ओळीसमोर "मान्यताकक्षेबाहेर" असं स्पष्ट हवं.

कामाच्या व्याप्तीत आमच्या नमुन्यासाठी असं लिहू:

"ग्राहकाने दिलेला बोअरवेल पाण्याचा एक नमुना, ५०० मिलिलिटर, प्लॅस्टिकची बाटली, झाकण घट्ट, गळती नाही, पाणी स्वच्छ दिसते. तपासलेला घटक : फ्लोराइड. नमुना ग्राहकाने स्वतः घेतला. स्रोताचे नाव आणि नमुना घेतल्याची तारीख ग्राहकाच्या माहितीनुसार. निष्कर्ष प्राप्त नमुन्यापुरते मर्यादित."

यातलं शेवटचं वाक्य सवयीने छापलं जातं, त्यामुळे कुणी ते वाचत नाही. पण सगळा भार त्याच्यावर आहे. बोअर किती वेळ चालवून पाणी घेतलं, ते खरंच त्याच बोअरचं आहे का, हे प्रयोगशाळेने पाहिलेलं नाही. म्हणून "गावाच्या बोअरवेलमध्ये फ्लोराइड १.४४ आहे" असं अहवालात कुठेही येता कामा नये. "दिलेल्या नमुन्यात १.४४ आढळले" इतकंच येऊ शकतं. ग्राहकाने पुरवलेली माहिती आणि आपण पाहिलेली माहिती वाचणाऱ्याला वेगवेगळी कळली पाहिजे.

बाटली प्लॅस्टिकची होती ही नोंदही उगाच नाही. फ्लोराइडसाठी नमुना पॉलिथिनच्या बाटलीत घेतात, कारण काचेशी त्याची प्रक्रिया होऊ शकते. कुणी काचेच्या बाटलीत पाणी आणलं आणि तरीही तपासून द्या म्हणालं, तर ते अहवालात लिहायचं, आणि त्याने निकालावर परिणाम होऊ शकतो हेही लिहायचं. फ्लोराइडचा नमुना कोणतंही रसायन न घालता २८ दिवसांपर्यंत ठेवता येतो. म्हणून नमुना घेतल्याची, पोहोचल्याची, तपासल्याची आणि अहवाल दिल्याची अशा चारही तारखा हव्यात. एकच तारीख छापली, तर मुदत पाळली की नाही हे वाचणाऱ्याला कधीच कळणार नाही.

पद्धतीच्या रकान्यात नुसतं "एपीएचए" किंवा "आयएस ३०२५" लिहिलेलं सर्रास दिसतं. त्यातून काहीच कळत नाही. अमेरिकन सार्वजनिक आरोग्य संघटनेच्या पद्धतिसंग्रहात फ्लोराइडसाठी एकाहून अधिक पद्धती आहेत. ४५००-एफ सी ही आयन-निवडक इलेक्ट्रोडची, तर ४५००-एफ डी ही स्पॅड्न्स या रंगद्रव्याची. दोन्हींची दुखणी वेगळी आहेत. स्पॅड्न्सची सरळ रेषा १.४ मिलिग्रॅमपर्यंतच चालते. म्हणजे आपला १.४४ चा नमुना आधी पातळ करावा लागला असता, आणि पातळ करण्यातली चूकही निकालात आली असती. शिवाय क्षारता, अॅल्युमिनियम, फॉस्फेट यांचा तिथे अडथळा होतो. म्हणून पद्धत, तिचा उपक्रमांक, आवृत्ती आणि वर्ष असं सगळं लिहायचं : "एपीएचए ४५००-एफ सी, २४ वी आवृत्ती, २०२३, आयन-निवडक इलेक्ट्रोड." पद्धतीत काही बदल केला असेल तर तोही इथेच.

पद्धतीचं सगळं वर्णन ग्राहकाला नको असतं. अहवाल लिहिणाऱ्याला मात्र ती आतून माहीत असावी लागते, नाहीतर वर्कशीटवरचा आकडा बरोबर की चूक हे ओळखता येत नाही. इलेक्ट्रोड पद्धतीत नमुना आणि टिसॅब नावाचा बफर समान भागात मिसळतात. हा बफर सामू ५ ते ५.५ च्या आसपास बांधून ठेवतो, आणि अॅल्युमिनियम वा लोहाने धरून ठेवलेलं फ्लोराइड मोकळं करतो. ०.५, १.० आणि २.० मिलिग्रॅमची प्रमाण द्रावणंही अशाच समान बफरमध्ये मिसळतात. दोन्हीकडे सारखंच पातळ झाल्यामुळे उत्तराला दोनने गुणायचं नसतं. नवा माणूस हमखास गुणतो आणि १.४४ चे २.८८ करून बसतो. अहवालात असा दुप्पट आकडा दिसला की आधी हेच तपासावं.

यंत्र मिलिव्होल्ट दाखवतं. फ्लोराइड वाढलं की वाचन खाली येतं. दहापट वाढीला २५ अंश सेल्सिअसला सिद्धांताप्रमाणे सुमारे ५९ मिलिव्होल्टचा फरक पडतो. आपल्या दिवशीचा उतार ५७.८ आला आणि १.० च्या द्रावणाचं वाचन ९८.० आलं असं धरा. नमुन्याची दोन वाचनं ८९.२ आणि ८८.५ आली. गणित असं:

```
C = 1.0 × 10^((98.0 − E) / 57.8)
E = 89.2  →  C = 1.42
E = 88.5  →  C = 1.46
सरासरी   →  1.44
```

दोन वाचनांत फरक अवघा ०.७ मिलिव्होल्टचा, पण उत्तरात तो ०.०४ मिलिग्रॅम झाला. या उताराला एक मिलिव्होल्ट इकडेतिकडे म्हणजे उत्तरात सुमारे ४ टक्के. म्हणूनच फ्रिजमधून काढलेला थंड नमुना आणि खोलीच्या तापमानाची प्रमाण द्रावणं असं चालत नाही. दोन्ही एकाच तापमानाला आणावी लागतात. वाचन स्थिर व्हायच्या आधी आकडा टिपला तरी तेच होतं. अनिश्चितता कुठून येते हे समजायला हे एक उदाहरण पुरेसं आहे.

निकालाच्या रकान्यात आकड्याइतकंच महत्त्व एककाला आणि कशाच्या रूपात मोजलं याला आहे. फ्लोराइडमध्ये गोंधळ कमी, पण शेजारच्या नायट्रेटच्या ओळीत तो भयंकर होतो. नायट्रेटची मर्यादा ४५ आहे ती नायट्रेटच्या रूपात. प्रयोगशाळेने उत्तर नायट्रोजनच्या रूपात, समजा १२, दिलं आणि ते लिहिलं नाही, तर वाचणारा ४५ शी ताडून निर्धास्त होतो. प्रत्यक्षात १२ नायट्रोजन म्हणजे ५३ नायट्रेट. रूप लिहिलं नाही तर बरोबर मोजलेलं पाणीही चुकीचं वाचलं जातं.

काही सापडलं नाही तर "शून्य" किंवा "नाही" लिहू नये. पद्धत जिथपर्यंत खात्रीने मोजू शकते त्याखाली आपण आंधळे असतो. म्हणून ती मर्यादा ०.१ असेल तर "०.१ पेक्षा कमी" असं लिहायचं.

आता अनिश्चितता. या शब्दाला ग्राहक बिचकतात आणि प्रयोगशाळाही कचरतात, कारण तो कबुलीजबाब वाटतो. पण अनिश्चितता म्हणजे चूक नव्हे. चूक कळली तर ती सुधारतात. सगळं नीट करूनही हाच नमुना वेगळ्या दिवशी, वेगळ्या माणसाने मोजला तर उत्तर किती पट्ट्यात फिरेल, हे सांगणारा आकडा म्हणजे अनिश्चितता. निकाल मर्यादेजवळ असेल, ग्राहकाने मागितली असेल, किंवा तिच्याशिवाय निकालाचा अर्थ लागत नसेल, तर ती अहवालात द्यावीच लागते. आपला आकडा दीडजवळ आहे, त्यामुळे इथे पर्याय नाही.

हा आकडा कागदावर घरबसल्या तयार होत नाही, प्रयोगशाळेच्या स्वतःच्या नोंदींतून निघतो. दोन मोठे भाग घेऊ. पहिला : आपण रोज जे १.५ चं नियंत्रण द्रावण तपासतो, त्याची गेल्या काही महिन्यांची वाचनं किती विखुरली आहेत? समजा ३ टक्के. यात माणसं, दिवस, तापमान, इलेक्ट्रोडचं वय सगळं आलं. एकाच सकाळी ओळीने घेतलेल्या दहा वाचनांचा फैलाव इथे वापरला तर तो एखादा टक्काच दिसेल आणि अनिश्चितता खोटी लहान होईल. ही चूक सगळ्यांत जास्त आढळते.

दुसरा भाग कलाचा, म्हणजे आपली वाचनं खऱ्या मूल्यापासून सतत एका बाजूला झुकतात का याचा. प्रमाणित संदर्भ पदार्थ वेगवेगळ्या दिवशी दहा वेळा तपासला आणि सरासरी प्रमाणपत्रातल्या मूल्यापेक्षा २.२ टक्के वर निघाली. ती सरासरीही दहाच वाचनांची, म्हणून तिच्यात साधारण १ टक्का. प्रमाणपत्रावर संदर्भ पदार्थाची स्वतःची अनिश्चितता २ टक्के छापलेली आहे. तिच्याखाली बारीक अक्षरात k = 2 असतं, म्हणजे ती दुप्पट करून छापलेली असते, म्हणून ती आधी दोनने भागून १ टक्का घ्यायची. भागायला विसरलं की ती दुप्पट मोजली जाते.

हे सगळं सरळ बेरजेने नाही, वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने जोडतात:

```
कल     = √(2.2² + 1² + 1²)  = 2.6 %
एकत्रित = √(3.0² + 2.6²)     = 4.0 %
विस्तारित (k = 2)            = 8 %
1.44 चे 8 %                  = 0.12 mg/L
```

अहवालात मग असं येतं : "फ्लोराइड : १.४४ ± ०.१२ मिग्रॅ/लि. अनिश्चितता विस्तारित असून व्याप्ती-गुणांक k = 2, विश्वासपातळी सुमारे ९५ टक्के. नमुना घेण्यातील अनिश्चितता यात धरलेली नाही." नुसतं "± ०.१२" लिहून पुढचं सोडलं, तर वाचणाऱ्याला तो एकपट आहे की दुप्पट हे कळणार नाही. निकाल आणि अनिश्चितता यांचे दशांश सारखे ठेवायचे. "१.४४ ± ०.११५२" यातले शेवटचे दोन आकडे फक्त कॅल्क्युलेटरने दिलेले आहेत, मोजलेले नाहीत.

आणखी एक. हे ८ टक्के १.५ च्या आसपासचे आहेत. ०.२ मिलिग्रॅमच्या नमुन्याला तेच ८ टक्के लावले तर ± ०.०२ येईल, आणि त्या पातळीला इलेक्ट्रोड इतका नेमका असल्याचं तुमच्या नोंदींतून दिसत नसेल, तर ते लिहिता येत नाही. खालच्या पट्ट्यासाठी वेगळं नियंत्रण द्रावण आणि वेगळा हिशेब ठेवावा लागतो.

शेवटचा भाग निष्कर्षाचा. बहुतेक लोक अहवालातली एवढी एकच ओळ वाचतात, आणि सर्वांत जास्त गडबड इथेच होते. आपल्या पट्ट्याची टोकं १.३२ आणि १.५६. स्वीकार्य मर्यादा १.० आहे आणि खालचं टोकसुद्धा तिच्यावर आहे, त्यामुळे पहिलं विधान निःशंक : स्वीकार्य मर्यादा ओलांडली आहे. कोणताही नियम लावला तरी हे बदलत नाही.

१.५ च्या बाबतीत मात्र नियमावर सगळं ठरतं. साधा स्वीकार हा नियम ठरला असेल, तर १.४४ हे १.५ पेक्षा कमी, म्हणून मर्यादेत. पण मग खरं मूल्य दीडच्या वर असण्याची शक्यता किती, तेही समजून घ्यायला हवं. प्रमाण अनिश्चितता विस्तारितच्या निम्मी, म्हणजे ०.०६, आणि मर्यादा तेवढ्याच अंतरावर, म्हणजे ही शक्यता शंभरात सुमारे १६. दुसरा नियम सुरक्षा-पट्ट्याचा : मर्यादेतून विस्तारित अनिश्चितता वजा करायची. १.५ वजा ०.१२ म्हणजे १.३८. त्याच्या खाली असेल तरच बिनशर्त "मर्यादेत". १.३८ ते १.५ मध्ये असेल तर "सशर्त मर्यादेत". आपला नमुना या दुसऱ्या खणात पडतो. बिनशर्त मर्यादेत म्हटलेल्या पाण्याबाबत चुकण्याचा धोका मग शंभरात अडीचपेक्षा कमी राहतो. पिण्याच्या पाण्याला आम्ही हाच नियम सुचवतो, कारण चुकीच्या होकाराची किंमत रोज ते पाणी पिणारी मुलं मोजतात. पण शेवटी निवड ग्राहकाची, आणि ती आधी झालेली असायला हवी.

इथे आयएस १०५०० मधली एक सहज नजरेआड होणारी सूचना आहे. मर्यादेशी ताडण्यापूर्वी निकाल मानकातल्या आकड्याइतक्याच स्थानांपर्यंत पूर्णांकित करावा असं त्याच्या प्रस्तावनेत म्हटलं आहे, आणि पूर्णांकनासाठी आयएस २ चा हवाला दिला आहे. म्हणजे १.४४ चे १.४ होतात. त्याच न्यायाने १.५४ चे १.५ होऊन तेही मर्यादेत बसतं. ही सूचना पाळायची असेल तर ती निष्कर्षात पाळावी, निकालाच्या रकान्यात नाही. निकाल १.४४ असाच छापायचा आणि ताडताना पूर्णांकन केलं हे निर्णय-नियमात सांगायचं. दोन्हीकडे १.४ छापलं तर पुढच्या वर्षी फ्लोराइड वाढलं की घटलं हे कळायची सोयच जाते.

सुरक्षा-पट्टा ठरला होता असं धरून निष्कर्ष असा होईल:

"प्राप्त नमुन्यातील फ्लोराइड आयएस १०५०० : २०१२ मधील स्वीकार्य मर्यादेपेक्षा (१.० मिग्रॅ/लि) जास्त आहे. पर्यायी स्रोत नसतानाच्या अनुज्ञेय मर्यादेच्या (१.५ मिग्रॅ/लि) संदर्भात निकाल सशर्त मर्यादेत आहे. निकाल मर्यादेखाली आहे, पण मर्यादेपासूनचे अंतर अनिश्चिततेपेक्षा कमी आहे. निर्णय-नियम : विस्तारित अनिश्चिततेइतका सुरक्षा-पट्टा, पूर्णांकनाशिवाय, ग्राहकाशी नमुना स्वीकारताना ठरल्याप्रमाणे."

यात "पाणी पिण्यास योग्य" हे शब्द नाहीत, आणि कितीही आग्रह झाला तरी ते येऊ नयेत. आपण एकच घटक तपासला. त्याच बाटलीत नायट्रेट किती, जिवाणू आहेत का, हे आपल्याला ठाऊक नाही. ई. कोलाय १०० मिलिलिटरमध्ये अजिबात आढळू नये असं तेच मानक सांगतं, आणि आपण ते पाहिलेलंच नाही. पुन्हा नमुना घ्या, पर्यायी स्रोत पाहा, असा सल्ला द्यायचा असेल तर तो "अभिप्राय" या वेगळ्या शीर्षकाखाली, आणि तसा अधिकार दिलेल्या व्यक्तीच्या नावाने. निष्कर्षाच्या वाक्यात मिसळला की मोजलेलं कोणतं आणि सुचवलेलं कोणतं हे वेगळं करता येत नाही.

अहवाल गेल्यावर आठवड्याने फोन येतो : बोअर क्रमांक ३ चुकून लिहिला, २ करून द्या. जुनी फाइल उघडून तीन पुसून दोन करायचं आणि त्याच क्रमांकाने पुन्हा छापायचं, हे करायचं नाही. त्याने एकाच क्रमांकाचे दोन वेगळे अहवाल बाहेर फिरतात. आधी ग्राहकाकडून लेखी घ्यायचं. मग नव्या क्रमांकाचा पूर्ण अहवाल काढायचा आणि त्यावर लिहायचं : "हा अहवाल मूळ अहवाल क्रमांक अमुक याच्या जागी दिला आहे. बदल : स्रोताचे नाव. कारण : ग्राहकाने लेखी कळवलेली दुरुस्ती. निकालात बदल नाही." मूळ अहवाल आणि ते पत्र दोन्ही दप्तरी ठेवायचं. स्रोताच्या नावाऐवजी १.४४ हाच आकडा बदलून मागितला, तर त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत. त्यासाठी नवी बाटली, नवी मागणी आणि पुन्हा सुरुवातीपासून मोजणी लागते.